हेडरखाली गेलेली ओळ

अमरावतीला कॅम्प भागात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आम्ही दोघंच. मी वेबसाइट बांधायचे आणि माझे भागीदार मजकूर, चित्रं, मराठी-उर्दू टायपिंग बघायचे. ते अकोल्याचे, माझ्यासारखेच. त्यांच्या वडिलांचा तिथे छापखाना होता, तो बंद पडल्यावर ते संगणकाकडे वळले. वयाने माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला ताई. कामं म्हणजे शिकवणी वर्ग, मंगल कार्यालयं, चिखलदऱ्याची दोन-तीन रिसॉर्ट्स. सगळी सारखीच. वर फोटो, मध्ये फोटो, खाली फोन नंबर.

शेजारच्या जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट आहे. कपाशीवर बोंडअळी होती, लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते, आणि प्रत्येक सभेत कोणीतरी उठून विचारायचं की तुम्ही शेतकऱ्याला सांगितलं काय? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एका मोठ्या संस्थेने फवारणीची माहिती देणारं पान काढायचं ठरवलं. संस्थेची महाविद्यालयं होती, बियाणं-औषधांची दुकानं होती, इमारतीला काचा होत्या. काम आमच्याकडे आलं ते संस्थेच्या सचिवांची मुलगी माझ्याबरोबर कॉलेजात होती म्हणून.

मजकूर चांगला होता, हे आधीच सांगते. एका निवृत्त कृषी अधिकाऱ्यांनी आणि एका डॉक्टरीणबाईंनी मिळून तो लिहिला होता. पंप कसा धुवायचा, वारा कुठून आहे ते कसं बघायचं, कोणतं औषध कशात मिसळायचं नाही. शेवटच्या भागात विषबाधा. डोळ्यांत गेलं तर काय, अंगावर सांडलं तर काय, नाकातोंडातून श्वासाबरोबर गेलं तर काय, पोटात गेलं तर काय. सचिवांना शीर्षक हवं होतं ‘कीटकनाशकाचे सेवन झाल्यास’. भाई म्हणाले, “सर, सेवन तं च्यवनप्राशचं करतेत. पोटात गेल्यास लिवा.” डॉक्टरीणबाई हसल्या आणि तेच राहिलं.

एवढा मजकूर वेगवेगळ्या पानांवर टाकायचा की एकाच लांब पानावर, यावर आम्ही बराच विचार केला. शेतात नेट जातं-येतं. दहा पानं असली तर प्रत्येक वेळी नवं पान उतरवावं लागणार, आणि नेमकं गरजेच्या वेळी ते चाक फिरत बसणार. एकच पान असलं की एकदा उतरलं म्हणजे झालं. मग वर यादी द्यायची, आणि यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं की पान त्या भागापाशी सरकेल. त्याला नेट लागत नाही. खाली त्या भागाला एक आयडी द्यायचा, म्हणजे त्याची खूण, आणि वरच्या लिंकमध्ये तीच खूण लिहायची. अगदी साधं काम. मी आधी आयडी मराठीत दिले होते. चालले छान, पण लिंक कॉपी करून मोबाईलवर पाठवली की ‘पोटात’ या तीन अक्षरांची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली आगगाडी व्हायची. लोक अशी लिंक बघून घाबरतात. म्हणून रोमन अक्षरांत छोटे आयडी केले.

भाईंनी पहिल्यांदा त्यांच्या फोनवर पान उघडलं आणि म्हणाले, “ताई, दाबतो तं खरं, पन हेडिंग कुटी गेली?”

शीर्षक गेलं नव्हतं. संस्थेच्या बोधचिन्हाची पट्टी पानाच्या माथ्यावर पक्की बसवलेली होती. पान कितीही सरकवा, ती जागची हलायची नाही. सचिवांचा तो आग्रह होता, संस्थेचं नाव कायम दिसलं पाहिजे. ब्राउझर मात्र अशी पट्टी हिशेबात धरत नाही. लिंक दाबली की तो खुणेचा भाग उचलून खिडकीच्या अगदी वरच्या काठाला लावतो. त्याच काठावर पट्टी बसलेली. शीर्षक बरोबर तिच्या खाली जातं.

यावर आधी एक जुगाड चालायचा. खुणेच्या भागाला वरून भरपूर पॅडिंग, म्हणजे रिकामी जागा, द्यायचं आणि तेवढंच उलटं मार्जिन देऊन ते परत ओढून घ्यायचं. मी तो बरीच वर्षं वापरला. त्यात एक दुखणं असायचं. ती न दिसणारी पॅडिंगची जागा वरच्या मजकुरावर चढून बसायची, आणि तिथे एखादी लिंक असली तर ती दाबलीच जायची नाही. आता ब्राउझरांमध्ये नवी सोय आली होती, स्क्रोल-मार्जिन-टॉप. खुणेच्या भागाला एवढंच सांगायचं की तुला सरकवून आणतील तेव्हा वर इतकी जागा सोडून थांब. बाकी मांडणी हलत नाही, कशावर काही चढत नाही. पट्टी साठ पिक्सेल उंच होती, मी ऐंशी दिले. भाईंनी परत दाबून बघितलं. शीर्षक पट्टीच्या खाली, थोडी हवा सोडून, स्वच्छ उभं राहिलं. ते म्हणाले, “छापखान्यात याले मार्जिन सोडनंच म्हनत. फक्त तिथी कागद हालत नोता.”

त्याच दिवाळीत मी अकोल्याला गेले तेव्हा माझी मामेबहीण तेल्हाऱ्याहून माहेरी आली होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. दहावीनंतर लग्न, पण हुशार. घरातला स्मार्टफोन तीच वापरते. भाऊजी फोनवर फक्त बोलतात. त्यांची स्वतःची थोडी कोरडवाहू, आणि हंगामात ते दुसऱ्यांच्या शेतातही फवारणीला जायचे, कारण त्यांच्याकडे पंप चांगला होता. मी तिच्या हातात पान दिलं आणि म्हटलं, वापरून बघ.

तिने यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पान झटक्यात खाली गेलं. तिने लगेच मागे जायचं बटण दाबलं.

“काहून दाबलं?” मी विचारलं.

“अवं, हे तं दुसरंच पान उघडलं ना. मले वाटलं मी चुकली.”

ती चुकली नव्हती. डोळ्याला प्रवास दिसला नाही म्हणून तिला वाटलं आपण दुसरीकडे आलो. अमरावतीला परत येऊन मी सरकणं संथ केलं. त्यालाही एकच ओळ लागते, संपूर्ण पानाला सांगायचं की सरकताना मऊपणे सरक. मग लिंक दाबली की मजकूर डोळ्यांसमोरून वर जाताना दिसतो आणि हव्या त्या शीर्षकाशी येऊन थांबतो. ताईला मी ते पुन्हा पाठवलं. तिचा आवाजी निरोप आला, “आता समजलं. खाली जाऊन राहिलं ते दिसते. चांगलं केलं तू.” मी पाठवलेली लिंक थेट विषबाधेच्या भागाची होती, शेवटी खूण जोडलेली; त्या भागाच्या सुरुवातीलाही डोळे, अंग, श्वास, पोट अशी चार ओळींची छोटी यादी होती. ती तिने गावातल्या बायकांच्या गटात टाकली, त्यांनी पुढे टाकली.

पान सुरू झाल्याचा कार्यक्रम संस्थेच्या सभागृहात झाला. डॉक्टरीणबाईंना बोलावलं नव्हतं. सचिव बोलले, अध्यक्ष बोलले, आम्हाला एक-एक गुलाबाचं फूल मिळालं. त्यानंतर पानाची व्यवस्था संस्थेच्या संगणक विभागाकडे गेली, आमच्याकडे चाव्या राहिल्या नाहीत. असं होतंच, त्यात वाईट काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेचा कसलातरी महोत्सव होता. मी सहज पान उघडून बघितलं तर माथ्यावरची पट्टी बदललेली. बोधचिन्हाच्या एका बाजूला संस्थापकांचा फोटो, दुसऱ्या बाजूला अध्यक्षांचा, मध्ये महोत्सवाचं बोधवाक्य. संगणकाच्या रुंद पडद्यावर हे सगळं एका ओळीत बसत होतं आणि पट्टी पूर्वीपेक्षा किंचितच उंच दिसत होती. मी फोनवर उघडलं. तिथे रुंदी नाही, म्हणून एकाखाली एक तीन थर झाले होते. फोटो, त्याखाली नाव, त्याखाली बोधवाक्य. पट्टी तिप्पट झाली होती, एकशेऐंशीच्या आसपास. आणि मी सोडलेली जागा होती ऐंशीच. मी ‘पोटात गेल्यास’ दाबलं. पान छान संथ सरकलं. शीर्षक खालून वर आलं, त्याच्या मागोमाग लाल अक्षरांतली पहिली ओळ आली, आणि दोन्ही जाऊन फोटोंच्या मागे थांबली.

ती लाल ओळ अशी होती: उलटी करवू नका, मिठाचं पाणी, दूध किंवा दुसरं काहीही पाजू नका. डॉक्टरीणबाईंनी ती मुद्दाम सगळ्यांत वर ठेवली होती. त्या म्हणाल्या होत्या की बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचलं पाहिजे, कारण गावाकडे पहिली धाव मिठाच्या पाण्याकडे असते. उलटीबरोबर औषध फुप्फुसात उतरतं आणि मग हाताबाहेर जातं.

मी फोन घेऊन सचिवांकडे गेले. त्यांची केबिन मोठी होती आणि टेबलावर मोठा संगणक होता. त्यांनी त्यावर पान उघडलं, लिंक दाबली, आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“इथे तर दिसतंय.”

“सर, संगणकावर दिसतंय. मोबाईलवर पट्टी उंच होते. शेतकरी मोबाईलवरच बघतात.” मी माझा फोन पुढे केला, दाबून दाखवलं.

त्यांनी बघितलं. “तुमचा फोन लहान आहे.”

“शेतकऱ्यांचे याहून लहान आहेत.”

“बोटाने जरा खाली ओढलं की दिसतं ना? हे बघा, आलं की नाही? एवढं लोकांना कळतं हो.”

मी सांगितलं की तिथे काहीतरी झाकलंय हे आधी कळलं तर माणूस ओढेल. वरची ओळ दिसत नसली तरी खालच्या ओळी नीट सुरू झालेल्या दिसतात, वाचणाऱ्याला अर्धवट वाटतच नाही. मी दोन उपाय सांगितले. फोनच्या रुंदीला जागा वाढवून द्यायची, ती एक ओळ मी कागदावर लिहूनच आणली होती. किंवा त्याहून बरं म्हणजे फोनवर पट्टी पक्की ठेवायचीच नाही, पानाबरोबर वर जाऊ द्यायची. दुसरा उपाय ऐकून ते एकदम गंभीर झाले.

“म्हणजे साहेबांचा फोटो निघून जाणार?”

“निघून नाही जाणार सर. वर सरकेल.”

“तेच ते.” त्यांनी कागद घडी करून पेपरवेटखाली ठेवला. “संगणक विभागाला सांगतो. महोत्सव होऊ द्या.”

महोत्सव झाला. पट्टी राहिली. मी संगणक विभागात फोन केला तेव्हा तिथला मुलगा भला होता, म्हणाला, मॅडम, मला समजलं तुमचं, पण पट्टीला हात लावायचा तर वरून लेखी पाहिजे. मी म्हटलं पट्टीला हात लावू नको, खालच्या भागांना लाव. तो म्हणाला, एकाच फाइलमध्ये आहे ना सगळं. मी सचिवांना आणखी दोनदा फोन केला. नंतर ते उचलेनासे झाले. भाई म्हणाले, “ताई, अपन सांगून चुकलो. आता त्यायचं घर, त्यायची चौकट.” मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

पोळा झाल्यानंतरच्या फवारणीत, दुपारी, भाऊजींच्या पंपाचं नोझल तुंबलं. ते काढून तोंडाने फुंकतात, सगळेच फुंकतात, आणि तसं करू नये हेही त्या पानावर लिहिलेलं होतं. फुंकताना नळीत राहिलेलं औषध उलट आलं आणि घोटभर गिळलं गेलं. ते चालत बांधापर्यंत आले, बसले, आणि ताईला म्हणाले की तोंडाले पानी सुटून राहिलं, डोळ्यासमोर धुकं आलं.

पुढचं मला ताईने नंतर सांगितलं, आणि एकदा नाही, अनेकदा सांगितलं, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. कोणी म्हणालं ताक पाजा, कोणी म्हणालं मीठ. ताई म्हणाली, थांबा, माह्या फोनवर हाये. तिने लिंक उघडली, ‘पोटात गेल्यास’ दाबलं. पान सरकलं, थांबलं. पट्टीच्या खाली पहिली ओळ दिसली: रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा. तिने झोपवलं. दुसरी ओळ: अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवा. तिने सदरा काढला, कॅनमधल्या पाण्याने अंग धुतलं. तिसरी: औषधाचा डबा सोबत घ्या. तिने डबा पिशवीत टाकला. चौथी: ताबडतोब दवाखान्यात न्या. गाडी यायला वेळ होता. आणि शेजारची बाई तांब्यात मीठ कालवून उभीच होती. ताईने फोनकडे परत पाहिलं. पाजू नका असं कुठे लिहिलेलं दिसलं नाही. तिने पाजलं.

भाऊजींना उलटी झाली आणि तेव्हा ते अर्धवट शुद्धीत होते. लगेच ठसका लागला, तो थांबेना. तेल्हाऱ्याहून अकोल्याचा रस्ता तेव्हा खोदून ठेवलेला होता.

मी अमरावतीहून एसटीने अकोल्याला पोहोचले तेव्हा ते व्हेंटिलेटरवर होते. ताई बाहेर भिंतीला टेकून बसली होती, औषधाच्या डब्याची पिशवी तशीच हातात. डॉक्टर तरुण होते, थकलेले. ते म्हणाले, डबा आणलात म्हणून औषध कोणतं ते लगेच कळलं, फार चांगलं केलं, कपडेही काढलेत. मग म्हणाले, “उलटी कोणी करवली?”

“मीनं,” ताई म्हणाली.

ते नोंद करून आत निघाले. मी त्यांच्यामागे गेले आणि विचारलं की उलटी झाली नसती तर? ते म्हणाले, “पोटात गेलेल्याने किती बिघडलं असतं आणि फुप्फुसात गेलेल्याने किती बिघडलं, हे वेगळं करून सांगता येत नाही. पण उलटी करवायला नको होती. हे आम्ही सगळीकडे सांगतो.”

मी परत आले तर ताई फोन उघडून बसली होती. “तुह्या पानावर तं नोतं,” ती म्हणाली. आरोप नव्हता. ती खरंच शोधत होती. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बोटाने पान जरा खाली ओढलं. फोटोंच्या खालून लाल ओळ बाहेर आली.

तिने ती वाचली. मग फोन माझ्या हातातच राहू दिला आणि पिशवीचं तोंड उगाच आवळून बांधलं.

भाऊजी वाचले. हे मी आधी सांगायला हवं होतं कदाचित, पण वाचले हा शब्द मला अजून नीट म्हणता येत नाही. ते घरी आले तेव्हा खाटेपासून दारापर्यंत जाताना दोनदा थांबायचे. पाठीवर पंप घेणं तर सोडाच, घमेलं उचललं तरी छाती भात्यासारखी चालायची. पंप विकला. ताई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली.

हिवाळ्यात एक दिवस ती अमरावतीला आली, भाऊजींना छातीच्या डॉक्टरांना दाखवायला. दाखवून झालं, त्यांना आमच्या ऑफिसात भाईंजवळ बसवलं, आणि ती मला म्हणाली, “ज्यानं ते फोटो लावले त्याच्याकडं मले घेऊन चाल.”

“काय करणार तू तिथं?”

“काई नाई. दाखोतो त्याले.”

सचिवांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. मी काय झालं ते सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि मला दिसत होतं की ते वाक्य तयार करत आहेत. मग त्यांनी एक बटण दाबलं, प्रिंटरमधून कागद आला, तो त्यांनी ताईसमोर ठेवला.

“बाई, झालं ते फार वाईट झालं. पण ही ओळ बघा, आहे ना? लाल अक्षरात आहे. माहिती संपूर्ण दिलेली आहे.”

ताईने कागद वाचला. “हाये,” ती म्हणाली.

तिने आपला फोन काढला, काचेवरचा तडा अंगठ्याने पुसला, लिंक उघडली, आणि फोन त्यांच्या टेबलावर ठेवून, त्यांना दिसेल असा, ‘पोटात गेल्यास’ दाबलं. मी संथ केलेलं ते सरकणं. डोळ्यांत गेल्यास, अंगावर सांडल्यास, सगळं एकेक करून वर गेलं. मग शीर्षक आलं, लाल ओळ आली, आणि दोन्ही पट्टीखाली गेली. वर संस्थापक, अध्यक्ष आणि बोधवाक्य. खाली, डाव्या कुशीवर झोपवा.

“आता सांगा,” ताई म्हणाली. “कुटी हाये?”

सचिवांनी फोन हातात घेतला नाही. नुसते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “नेट स्लो असेल.”

मी म्हटलं, “सर, याला नेट लागत नाही.”

“मॅडम, तांत्रिक बाबी तुम्ही बनवल्या होत्या.”

“आणि बदलल्यावर मी येऊन सांगितलं होतं. याच खुर्चीत बसून.”

“तसं लेखी काही आहे का?”

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. त्याखाली दुसरेच कागद होते. ताई उठली. चहा तसाच राहिला. जिन्यात ती मला म्हणाली, “तो माणूस पाहात तं होता. त्याले दिसलं.” मी म्हटलं, हो, दिसलं. ती म्हणाली, “मंग ठीक हाये.” मला त्यात ठीक काय ते कळलं नाही, आणि तिला विचारायचा धीर झाला नाही.

आठवड्याभरात संस्थेने खरंच बदल केला. मला त्या संगणक विभागातल्या मुलाचा फोन आला, आवाज उतरलेला. मला वाटलं, जागा वाढवली असेल. त्याने सांगितलं की वकिलांना विचारून विषबाधेचा अख्खा भाग काढून टाकायला सांगितलंय. डोळे, कातडी, श्वास, पोट, सगळं. त्याऐवजी तळाला एक ओळ: अधिक माहितीसाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मी विचारलं, “आणि पट्टी?” तो म्हणाला, “पट्टी आहे मॅडम.”

डॉक्टरीणबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला फोन केला. त्या फार कमी बोलल्या. मजकूर माझा आहे, म्हणाल्या, तुम्ही वापरा. भाईंनी तो सगळा परत बसवला, मी दोन दिवसांत साधं पान बांधलं. माथ्यावर पक्कं काही ठेवलं नाही. फक्त मजकूर, यादी आणि खुणा. तरीही प्रत्येक भागाला थोडी जागा सोडायला सांगितली, आणि ती पिक्सेलमध्ये नाही तर अक्षराच्या मापात, म्हणजे कोणी फोनवर अक्षर मोठं केलं तरी ती त्याच्याबरोबर वाढेल. भाईंनी त्यांच्या फोनवर, मुलीच्या फोनवर, खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या फोनवर दाबून पाहिलं. सगळीकडे शीर्षक दिसलं आणि त्याखाली लाल ओळ.

पण त्या पानाकडे कोणी येत नव्हतं. लोकांच्या फोनमध्ये होती ती जुनी लिंक. ताईने गटात टाकलेली, त्या बायकांनी माहेरी-सासरी पाठवलेली, पातूरपर्यंत गेलेली. ती अजून फिरत होती, कारण संस्थेचं पान अजून उघडत होतं. आम्ही नवी लिंक पाठवली तर लोक म्हणायचे, आमच्याकडे आहे ना, संस्थेची आहे, फोटो पण आहे त्यात.

खूण सापडली नाही तर ब्राउझर तक्रार करत नाही. लिंकच्या शेवटी आयडी असतो आणि पानावर तो भागच नसतो, तेव्हा तो काही बोलत नाही, निमूट पान वरून उघडतो. पुढच्या हंगामात एका संध्याकाळी मी मुद्दाम ती जुनी लिंक दाबली. काहीच सरकलं नाही. महोत्सव संपून वर्ष झालं होतं, बोधवाक्य तेच होतं, दोन्ही फोटो तेच होते, आणि त्याखाली संस्थेच्या दुकानांचे पत्ते सुरू होत होते.

नंतर मी ताईला फोन केला. भाऊजींचं कसं आहे विचारलं. ती म्हणाली, थंडीत जास्त होते. मग म्हणाली की गावात एकाला फवारताना चक्कर आली होती, लोक तिच्याकडे धावत आले, कारण तिला माहिती असतं असं सगळ्यांना वाटतं.

“मग तू काय केलं?”

“फोन नाई काढला,” ती म्हणाली. “तोंडानंच सांगतलं. आधी हेच सांगतलं का काई पाजू नोका.”